यंत्राचा संशय आणि माणसाचा निवाडा

ऑनलाइन बाजारपेठेत दुकान मांडलेल्या व्यापाऱ्याचे खाते एका रात्रीत स्थगित होते, विक्री थांबते आणि विकलेल्या मालाचे येणेही अडकून पडते. हा निर्णय बहुधा कोणा माणसाने घेतलेला नसतो. लक्षावधी खाती माणसांकरवी तपासणे अशक्य, आणि लबाड विक्रेता तर काही तासांत ग्राहकांचे पैसे घेऊन नाहीसा होऊ शकतो. म्हणून यंत्राने आधी थांबवावे व चौकशी मागाहून व्हावी, अशी रीत पडली आहे. ही रीत आम्ही अन्यायाची मानीत नाही. प्रश्न आहे तो मागाहून होणाऱ्या चौकशीचा.

समजा, बेळगावात दोन भाऊ विभक्त झाले. पेढ्या दोन झाल्या, पण वखार एकच राहिली. थोरल्याचे खाते पूर्वीच बंद झालेले आहे. बंदी आलेले विक्रेते नाव बदलून परत येतात, म्हणून यंत्र पत्ता, बँकखाते, दूरध्वनी क्रमांक आणि संगणक यांचा मेळ घालून पाहते. येथे पत्ता व इंटरनेटची जोडणी जुळली, संशयाचे गुण ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेले, आणि धाकट्याचेही खाते थांबले.

धाकटा अपील करतो. तेही पुष्कळदा प्रथम यंत्रापुढेच जाते. मागितलेला कागद जोडला आहे काय, तो स्वच्छ दिसतो काय, त्यावरील नाव खात्यावरील नावाशी जुळते काय, एवढेच ते पाहते. पत्ता तर अजून तोच असतो. ज्या खुणेवरून संशय आला तीच पुन्हा मोजून यंत्र नकार देते. माणूस मात्र दोघांचे जीएसटी क्रमांक शेजारी ठेवील. त्यांतील १५ अक्षरांपैकी पहिली दोन राज्याची, कर्नाटकासाठी २९, आणि पुढील दहा पॅनची. राज्य एक, पॅन निराळे, म्हणजे करदाते दोन. जोडीला वाटणीपत्र वाचले की सामाईक वखारीचा उलगडा होतो.

नकार काही मिनिटांत आला आणि मजकूर मागील पत्रासारखाच असला, तर तो यंत्राचा असण्याचा संभव मोठा. अशा वेळी तेच कागद पुनःपुन्हा धाडू नयेत. आरोप कोणता, हे पहिल्याच वाक्यात लिहून त्याचेच उत्तर पुराव्यासह द्यावे. नवे खाते तर मुळीच उघडू नये. त्याने संशयाला आणखी एक दुवा मिळतो.

माणूसही चुकतो, आणि त्यालाही नियमांचे बंधन असते. पण स्पष्टीकरण ऐकून घेण्याची सोय त्याच्याच ठायी आहे. यूरोपीय संघाच्या २०२२ च्या डिजिटल सेवा कायद्यातील २० व्या कलमाने, अशा तक्रारीचा निकाल केवळ यंत्रावर सोपविण्यास मनाई केली आहे. संशय यंत्राने घ्यावा, निवाडा माणसाने करावा, हीच मर्यादा आम्हांस रास्त वाटते.