इंग्रजीतला ‘र’ : मुलांसाठी एकच उच्चार ठरवा

‘माय फादर पार्क्ड द कार निअर द डोअर’ हे वाक्य मुलाकडून वाचून घ्या. लिहिताना यात ‘र’ पाच वेळा येतो. अमेरिकन माणूस पाचही म्हणेल. लंडनचा निवेदक एकही म्हणणार नाही, कारण त्या बोलीत ‘र’च्या पुढे स्वर असेल तरच तो ऐकू येतो. म्हणून नुसतं ‘का’, पण ‘का-रिज’ (कार इज).

आपल्या अंधेरी-घाटकोपरची मुलं कार्टून अमेरिकन ऐकतात आणि शब्दकोशात ब्रिटिश उच्चार बघतात. मग पाचातले दोन ‘र’ म्हणायचे, तीन गिळायचे, असं होतं.

माझं मत स्पष्ट आहे : सगळे ‘र’ म्हणायला शिकवा. स्पेलिंगमध्ये दिसतो तो ‘र’ म्हणायचा, एवढा एकच नियम. मराठीतही आपण ‘घर’मधला ‘र’ सोडत नाही. शिवाय हा उच्चार फक्त अमेरिकेचा नाही. स्कॉटलंड-आयर्लंडमध्येही ‘र’ म्हणतातच.

फरक जिभेचा. मराठी ‘र’ला जीभ दातांमागे टेकते. इंग्रजीत ती मागे वळते, पण कुठेच टेकत नाही. मुलाने मराठी ‘र’ म्हटला तरी शब्द कळतो, म्हणून त्यावर अडून बसू नका.

ऐकताना मात्र दोन्ही पद्धती माहीत हव्यात. ब्रिटिश उच्चारात ‘कोर्ट’ आणि ‘कॉट’ (पकडलं) सारखेच ऐकू येतात. तिथे अर्थ वाक्यावरूनच लावावा लागतो.

आता तेच वाक्य मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि ‘र’ मोजा. पाच भरले पाहिजेत.