मंजूर रजा आणि लाल ‘A’
डेंग्यूने अंथरुणाला खिळलेल्या दहावीतल्या मुलीची 8 दिवसांची रजा शाळेने अ‍ॅपवरच मंजूर केली होती. महिनाअखेरीस वर्गशिक्षिकेने हजेरीचा स्क्रीनशॉट पाठवला: 24 पैकी 16 दिवस हजर, 67 टक्के, आणि त्या आठही दिवसांवर लाल ‘A’. असे बहुधा होते, कारण रजेचा अर्ज एका ठिकाणी मंजूर होतो आणि सकाळची हजेरी दुसऱ्याच ठिकाणी भरली जाते. दोन्ही जोडलेले नसतील तर बाकावर नसलेले मूल सरळ गैरहजर ठरते. मुलीच्या आईने वर्गशिक्षिकेला लिहिलेल्या चिठ्ठीत भांडण केले नाही, टक्के वाढवायलाही सांगितले नाही, आणि हे मला फार योग्य वाटले. रजा म्हणजे हजेरी नव्हे. 67 चे 67 च राहणार. तिने लिहिले, “मॅडम, या तारखांपुढे ‘गैरहजर’ऐवजी ‘मंजूर रजा’ अशी नोंद करावी. मंजुरीचा संदेश आणि डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.” सीबीएसई शाळेत ही नोंद फार मोलाची. बोर्डाच्या परीक्षेला 75 टक्के हजेरी लागते, आणि आजारपणासाठी सवलत मागायची तर रजेचा अर्ज व वैद्यकीय कागद दाखवावे लागतात. तेव्हा शाळेची हजेरीच विनापरवाना गैरहजेरी सांगू लागली, तर आजारी पडलेल्या मुलीलाच खुलासे देत बसावे लागेल. म्हणून दुरुस्ती त्याच महिन्यात, लेखी मागावी, आणि दुरुस्त झालेले पान पुन्हा पाठवायला सांगावे.