निरवांगीच्या ग्रामपंचायतीला दिल्लीतून पैसे का येतात?

इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीत कुणी मोबाइल घेतला, तर त्यावरचा जीएसटी केंद्र आणि राज्याकडे जातो. ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न म्हणजे मुख्यतः घरपट्टी आणि पाणीपट्टी. त्यात गावाची कामं भागत नाहीत. म्हणून वित्त आयोग केंद्राच्या तिजोरीतून अनुदानाची शिफारस करतो.

१५व्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) ग्रामीण निधीतले महाराष्ट्रात १०० पैकी ८० रुपये ग्रामपंचायतींना मिळत होते. पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला प्रत्येकी १०. ग्रामपंचायतींच्या ८० पैकी ४८ रुपये फक्त पाणी आणि स्वच्छतेसाठी, म्हणजे ‘बंधित’. उरलेले ३२ गाव गरजेप्रमाणे वापरू शकत होतं, पण पगारावर नाही.

आणखी एक अट: निवडून आलेले सदस्य नसतील, तर निधी अडतो. पुणे जिल्हा परिषदेवर मार्च २०२२ मध्ये प्रशासक आला. निवडणूक लांबली की फटका विकासकामांनाही बसतो, तो असा.