चित्रं लावा, गोष्ट सांगा

मैत्रिणींनो, दौलताबादचा किल्ला मुलांना दाखवून आलात ना? मग जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर पाच चित्रं काढा: चांदमिनार, खंदकावरचा पूल, अंधारी, बारादरी आणि माथ्यावरची तोफ. पण नुसती ठिकाणं काढलीत, तर किल्ला न पाहिलेल्या शेजारच्या मुलाला क्रम कळायचा कसा? म्हणून प्रत्येक चित्रात एक मुलगी दाखवा. तिच्या पिशवीत आधी पाच पेरू, मग चार, असं करत शेवटी एकच.

पत्ते पिसून मुलांपुढे ठेवा. चार वर्षांच्या मुलाला पहिलं, मधलं आणि शेवटचं, अशी तीनच द्या. सहा वर्षांच्याला पाचही. क्रम चुकला तर आपण हात लावू नये. "अरे, चाराचे पुन्हा पाच पेरू कसे झाले?" एवढंच विचारा. पत्ता तोच हलवेल.

आता गोष्ट मोठ्यानं सांगायची. पुष्कळ मुलं "हा मिनार, हा पूल" अशी यादीच म्हणतात. तेव्हा दोन पत्त्यांच्या मधे बोट ठेवून विचारा, "इथं काय झालं?" "अंधारीत भीती वाटली, म्हणून तिनं दादाचा हात धरला," असा 'म्हणून' आला, की गोष्ट जमली म्हणायची! मग पत्ते पालथे घाला आणि तीच गोष्ट पुन्हा सांगू द्या.