बलक मांजराला, खारी आपल्याला

रविवारी शेजारच्या काकांकडे चहाला गेले होते. त्यांनी चार उकडलेली अंडी सोलली, चारही बलक मांजरापुढे टाकले आणि पांढऱ्यासोबत तीन खाऱ्या चहात बुडवून खाल्ल्या. रिपोर्ट नॉर्मल आहे, तरी "कोलेस्टेरॉलची काळजी घेतलेली बरी," म्हणाले. मला राहवलं नाही.

बलकात कोलेस्टेरॉल असतं, एका अंड्यात सुमारे 190 मिलिग्रॅम. पण खाल्लं तेवढं रक्तात चढत नाही. आपलं बरंचसं कोलेस्टेरॉल यकृत स्वतः तयार करतं आणि अन्नातून जास्त आलं की बहुतेकांचं यकृत तयार करणं कमी करतं. संपृक्त चरबीचं तसं नाही. तिच्यामुळे यकृत रक्तातलं एलडीएल कमी ओढून घेतं आणि ते रक्तातच साचतं.

म्हणून अंड्यापेक्षा अंड्याची संगत बघा. एका अंड्यात संपृक्त चरबी जेमतेम दीड ग्रॅम. भुर्जीच्या गाडीवर दोन अंडी फोडली तर झाली तीन. तव्यावर आधी पडलेलं मोठा चमचाभर बटर एकटं सात ग्रॅम देतं, शिवाय पाव भाजताना पुन्हा बटर फिरतं ते वेगळं. रिपोर्ट बिघडला की आळ मात्र अंड्यावर. दक्षिण ऑस्ट्रेलिया विद्यापीठाने 2025 मध्ये हीच दोन कारणं वेगळी करून पाहिली. पाच आठवडे रोज दोन अंडी, पण संपृक्त चरबी कमी, असा आहार घेतल्यावर त्याच माणसांचं एलडीएल आठवड्याला एकच अंडं आणि जास्त संपृक्त चरबी या आहारापेक्षा खाली आलं. अभ्यास जेमतेम साठ जणांचा आणि पैसा अंडी व्यवसायाशी जोडलेल्या संस्थेचा, हे लक्षात ठेवायलाच हवं. तरी वरच्या शरीरक्रियेशी तो जुळतो. आणि खारीचा वनस्पती तुपातला मैदा? त्यातही तीच संपृक्त चरबी.

मग किती? निरोगी प्रौढाने रोज एक अख्खं अंडं, बलकासकट, निर्धास्त खावं. अमेरिकन हार्ट असोसिएशनही 2019 पासून एवढं चालेल म्हणते. त्याहून जास्त रोज खायचं असेल तर जपून, कारण काहींचं शरीर अन्नातल्या कोलेस्टेरॉलला जास्त दाद देतं, आणि ते चेहऱ्यावरून कळत नाही. ते ओळखायची रीत सोपी आहे. आधी लिपिड प्रोफाइल करा, मग बाकी आहार न बदलता दीड-दोन महिने रोज दोन अंडी खा आणि पुन्हा तपासा. एलडीएल ठळक वाढलं तर तुम्ही त्यांतले, अंडी कमी करा. मधुमेह असेल, एलडीएल आधीच चढलेलं असेल किंवा घरात कमी वयात हार्ट अटॅकचा इतिहास असेल, तर हा प्रयोग करू नका, आकडा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

काकांना मी एवढंच सुचवलं: एक अंडं अख्खं खा आणि खारीऐवजी भाकरी घ्या. मांजराला पुढच्या रविवारी काय मिळतं ते बघायला जाणार आहे.