सफरचंदावरचा आकडा म्हणजे जन्मदाखला नव्हे



चातुर्मास आला की मोबाइलवर तो जुना संदेश पुन्हा फिरू लागतो. फळावरच्या स्टिकरवरचा आकडा ४ ने सुरू झाला तर फवारणीचे, ८ ने सुरू झाला तर जनुक बदललेले, ९ ने सुरू झाला तर सेंद्रिय. परवा आमच्या नंदुरबारच्या बाजारात एका ताईंनी ४०१६ वाचून सफरचंद परत टोपलीत टाकले आणि बिनस्टिकरची पिशवीभर घेतली. त्या सफरचंदांवर फवारणी झालीच नव्हती, हे त्यांना कोणी सांगितले?

मी कॉमर्सची पदवीधर. लग्नानंतर काही वर्षे घरच्या दुकानाचे स्टॉक रजिस्टर लिहिले. त्यात प्रत्येक मालाला एक क्रमांक असे. त्या क्रमांकावरून माल कोणता ते कळे. तो कोणाकडून, कुठल्या गावाहून आला, हे बिलावर पाहावे लागे. फळावरचा चार आकडी क्रमांक अगदी तसाच आहे. मोठ्या दुकानात गल्ल्यावरच्या माणसाला फळाची जात आणि आकार ओळखून भाव लावता यावा, एवढ्यासाठी तो काढला. ४०१६ म्हणजे मोठे रेड डेलिशस सफरचंद. ४०११ म्हणजे पिवळे केळे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टनच्या रेड डेलिशसला ४०१६ आणि तुर्कीच्या त्याच आकाराच्या रेड डेलिशसलाही ४०१६. पहिला ४ फवारणीबद्दल काहीच सांगत नाही. सुरुवातीचा ८ जनुक बदललेल्या मालासाठी राखून ठेवला होता खरा, पण दुकानातल्या फळांवर तो त्या अर्थाने कधी आलाच नाही. सुरुवातीला ९ लावला तर सेंद्रिय, हा संकेत खरा आहे. पण स्टिकर कोणीही छापू शकतो. आपल्याकडे सेंद्रिय म्हणून विकायचे तर सहसा प्रमाणपत्र लागते आणि त्याचे चिन्ह असते. ते पाहा, ९ पाहू नका.

मग देश कसा कळतो? आकड्याने नाही, अक्षरांनी. काही स्टिकरवर देशाचे नाव छापलेले असते, तेवढेच खरे कामाचे. मे २०२५ मध्ये पुण्याच्या मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी तुर्कीची सफरचंदे घ्यायची नाहीत असे ठरवले. त्या वेळी आपल्या मंडळातही कोणी तुर्कीचे खाणार नाही म्हणाल्या आणि आकडे वाचत बसल्या. आकड्यात तुर्की शोधणे म्हणजे रेशनकार्डात पत्रिका शोधणे. बारकोडचेही तसेच. ८९० ने सुरू होणारा बारकोड म्हणजे तो घेणाऱ्या कंपनीची नोंद भारतात झालेली आहे, एवढेच. आतले फळ परदेशी असू शकते. खरी माहिती पेटीवर असते. आयात मालाच्या पेटीवर देशाचे आणि आयात करणाऱ्याचे नाव असते. फळवाल्याला म्हणा, “भाऊ, पेटी दाखवा.” पेटी नसेल तर देश माहीत नाही असे समजा, स्टिकर पाहून मन भरवू नका.

आणि आता आपल्या घराचा खरा प्रश्न. मध न खाणाऱ्या आपण, त्या चकचकीत सालीवर काय आहे हे विचारतो का? फळांवर मेण लावायला आपल्या कायद्याने परवानगी आहे. ते मधमाशांचे मेण असू शकते, कार्नौबा म्हणजे ताडासारख्या झाडाच्या पानांचे असू शकते किंवा शेलॅक असू शकते. शेलॅक म्हणजे लाख, लाखेच्या किड्यापासून मिळणारी. मेण लावले असेल तर त्याचे नाव लेबलवर लिहावे, असा नियम आहे. ४०१६ मध्ये यातले एक अक्षरही नाही! सुरीने खरवडून पांढरे निघाले म्हणजे मेण लावलेच, असेही नाही, कारण सफरचंदाच्या सालीवर स्वतःचेही थोडे मेण असते. आणि लावलेले असले तरी ते माशीचे की पानाचे, हे खरवडून कळत नाही. म्हणून मेणाचे नाव लिहिलेले दिसले नाही तर मी साल काढते. सालीबरोबर मेण जाते आणि स्टिकरचा डिंकही जातो.

आपल्या शहाद्याकडची पपई आणि केळी स्टिकरशिवायच बाजारात येतात. ती कुठून आली, हे विकणारा तोंडी सांगतो. त्याला फवारणी किती केली हेही विचारता येते. जो आकडा गल्ल्यावर भाव लावण्यासाठी छापला, त्याच्या भरवशावर पाप-पुण्याचा हिशेब मांडू नका. आणि तो संदेश पुन्हा आला तर पुढे पाठवू नका. पाठवणाऱ्या ताईंना हे सांगा.