भाडे वाजवी होते, पण…

सीताबर्डीला आम्ही नागपूरकर नुसते ‘बर्डी’ म्हणतो. या बर्डीतल्या मागच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर, एका छोट्या कंपनीचे गोदाम होते. कंपनी वह्या, कागद आणि कचेरीला लागणारी स्टेशनरी घाऊक विकायची. भागधारक सत्तर-ऐंशी असतील. काही संचालकांच्या ओळखीचे, काही निवृत्तीचे पैसे गुंतवलेले. मी कंपनीचा हिशेब तपासनीस होतो. ही गोष्ट काही वर्षांपूर्वीची आहे आणि तिच्यात माझीही चूक आहे, म्हणून नावे सांगत नाही.

गोदामाचे भाडे महिना २४ हजार रुपये होते. जागा ८०० चौरस फूट, म्हणजे फुटाला ३० रुपये. त्या गल्लीत तेव्हा हाच भाव चालू होता. पहिल्या वर्षी मी पावत्या पाहिल्या, करार आहे एवढे पाहिले आणि पुढे गेलो. जागेचा मालक कोण, हे विचारण्याचे मला सुचले नाही. दुसऱ्या वर्षी करार नीट वाचला, तर मालकीण म्हणून कंपनीच्या व्यवस्थापकीय संचालकांच्या पत्नीचे नाव. ते नाव भागधारकांच्या अहवालात कुठेच नव्हते.

मी त्यांच्याकडे गेलो. गृहस्थ सरळ होते, आजही मी त्यांना सरळच म्हणेन. ते म्हणाले, “भाऊ, शेजारी जाऊन विचारा. बाजारभावापेक्षा एक पैसा जास्त घेत नाही आम्ही. बर्डीत अशी जागा शोधायला कंपनीला चार महिने लागले असते.”

“मग अहवालात दोन ओळी लिहायला काय हरकत आहे?”

“लिहिलं की लोकांना उगाच वाटतं, काहीतरी आहे म्हणून. नसलेलं दाखवायचं कशाला?”

हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. सोसायटीच्या रंगकामापासून मोठ्या कंपन्यांपर्यंत तो सगळीकडे ऐकू येतो. भाव रास्त आहे, कोणाचे नुकसान नाही, मग नाते सांगून काय साधणार? मला त्या वेळी चटकन उत्तर देता आले नाही. उत्तर पुढे त्या गोदामानेच दिले.

पहिली गोष्ट अनामत रकमेची. शेजारचे मालक तीन महिन्यांचे भाडे अनामत घेत, म्हणजे २४ हजारांच्या हिशेबाने ७२ हजार. आमच्या कंपनीने दिली होती सहा लाख, बिनव्याजी. वरचे ५ लाख २८ हजार रुपये दुसरीकडे ठेवून दहा टक्के मिळाले असते असे धरले, तर वर्षाला ५२ हजार ८०० होतात, महिन्याला ४ हजार ४००. म्हणजे खरे भाडे २८ हजार ४०० पडत होते. संचालकांनी हे लपवले असे मला वाटत नाही. त्यांनी भाड्याची भाड्याशी तुलना केली आणि ती जुळली. सगळ्या अटी एकत्र मांडून पाहायला कोणी परका माणूस तिथे नव्हताच. ‘अटी रास्त आहेत’ हे ज्याच्या हाती ते पैसे येणार तोच सांगत होता, एवढाच प्रश्न होता.

दुसरी गोष्ट मला जास्त शिकवून गेली. समजा अनामतही तीनच महिन्यांची असती, तरी ही दुसरी गोष्ट उरलीच असती. गोदामावर गच्ची होती आणि ती गळायची. सलग दोन पावसाळे भिंतीकडच्या थप्प्या भिजल्या. मी ‘खराब माल’ हे खाते उघडले, तर दोन वर्षांत मिळून १ लाख ८० हजारांचा कागद रद्दीत गेलेला. फाइलमध्ये घरमालकिणीला लिहिलेले पत्र शोधले. एकही नव्हते. गोदाम सांभाळणाऱ्या माणसाला विचारले, “तक्रार का नाही केली?” तो माझ्याकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, “साहेब, बाईंना मी पत्र लिहू?”

त्याचा पगार ठरवणारे, त्याची रजा मंजूर करणारे कोण, हे सांगायला नको. शेजारच्या दुकानदाराची गच्ची गळली तेव्हा त्याने भाडे अडवले, आठ दिवसांत डांबर पडले. करार दोघांचाही जवळपास सारखाच होता, आणि दुरुस्ती मालकाने करायची हे कलम दोन्हींत होते. फरक इतकाच, की एकीकडे ते कलम बजावून घेणारा माणूस होता आणि दुसरीकडे नव्हता. करार सहीच्या दिवशी रास्त असतो, पण तो त्यानंतर तीन-चार वर्षे चालतो. त्या काळात दुरुस्ती, मुदतवाढ, भाववाढ, जागा सोडण्याची नोटीस असे पाच-दहा प्रसंग येतात आणि प्रत्येक वेळी कोणीतरी समोरच्याशी थोडे भांडावे लागते. नात्यातल्या व्यवहारात नेमके हे भांडण होत नाही. आणि त्याचे नुकसान भाड्याच्या खात्यात दिसत नाही. ते भलत्याच खात्यात, आमच्याकडे ‘खराब माल’ म्हणून, जाऊन बसते.

कायद्याने हे बरेच ओळखले आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १८८ अशा व्यवहारांना संचालक मंडळाची मंजुरी मागते, आणि काही मर्यादेपलीकडे भागधारकांचीही. व्यवहार नेहमीच्या धंद्यातला असेल आणि परक्याशी करावा तशाच अटींवर असेल, तर या मंजुरीतून सूट मिळते. इंग्रजीत याला ‘आर्म्स लेंग्थ’ म्हणतात, म्हणजे हातभर अंतर राखून केलेला व्यवहार. आमचे संचालक हीच सूट सांगत होते. पण ही सूट मंजुरीपुरती आहे, सांगण्यापुरती नाही. सनदी लेखापालांच्या संस्थेचे अठरावे लेखामानक २००१ पासून लागू झाले. त्यात नाव, नाते, व्यवहाराचा प्रकार, रक्कम आणि वर्षअखेरची बाकी द्यावी लागते, भाव कितीही रास्त असला तरी. मोठ्या कंपन्यांना लागू असलेले चोविसावे मानक आणखी एक गंमत करते. ‘आमच्या अटी बाजारासारख्याच आहेत’ हे वाक्य अहवालात लिहायचे, तर ते सिद्ध करता आले पाहिजे. नाहीतर ते वाक्यच लिहायचे नाही.

आता माझ्या गल्लीतून थेट मुंबईला जातो, कारण तिथे हाच युक्तिवाद फार मोठ्या रकमेला लावला गेला. आयसीआयसीआय बँकेने २०१२ साली औरंगाबादच्या धूत कुटुंबाच्या व्हिडिओकॉन समूहाला ३,२५० कोटींचे कर्ज दिले. बँकेच्या प्रमुख होत्या चंदा कोचर. त्यांचे पती दीपक कोचर आणि वेणुगोपाल धूत यांनी २००८ च्या डिसेंबरात न्यूपॉवर ही कंपनी एकत्र काढली होती. एका भागधारकाने २०१६ मध्ये याविषयी पत्र लिहिले, आणि २०१८ च्या मार्चमध्ये बातम्या आल्या. तेव्हा बँकेच्या संचालक मंडळाने जे सांगितले ते ऐकताना मला आमचे गोदाम आठवले. कर्ज एकट्या आपल्या बँकेचे नाही, सुमारे वीस बँकांनी मिळून दिले आहे, त्यात आपला वाटा दहा टक्क्यांहून कमी आहे, आणि अटी इतर बँकांच्याच आहेत, असा तो खुलासा होता. थोडक्यात, भाव रास्त आहे.

हे सगळे खरे धरले तरी प्रश्न संपत नव्हता. कर्जाच्या निर्णयाला बसलेल्या इतरांना हे नाते ठाऊक होते का? ठाऊक असते तर त्यांनी कागद पुन्हा चाळले असते का, किंवा हप्ते थकले तेव्हा वसुलीला कोणाला पाठवायचे याचा वेगळा विचार केला असता का? बँकेने निवृत्त न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्याकडे चौकशी दिली. जानेवारी २०१९ मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालाचा निष्कर्ष व्याजदराविषयी नव्हता. हितसंबंधांविषयीची बँकेची आचारसंहिता पाळली गेली नाही आणि वार्षिक प्रकटनात कसूर झाली, हा तो निष्कर्ष होता. बँकेने त्यांचा आधीचा राजीनामा ‘सकारण बडतर्फी’ मानला आणि एप्रिल २००९ पासूनचे बोनस परत मागितले. फौजदारी आरोप ही वेगळी बाब आहे. ते कोचर यांनी नाकारले आहेत, आणि २०२२ मधली त्यांची अटक मुंबई उच्च न्यायालयाने पुढे बेकायदा ठरवली. त्यात मी शिरत नाही. सांगण्याची कसूर मात्र त्या आरोपांवर अवलंबून नाही.

या प्रकरणात व्हिडिओकॉन ही कायद्याच्या व्याख्येतली बँकेची ‘संबंधित’ कंपनी नव्हती, हेही सांगितले पाहिजे. नाते पतीच्या भागीदारीतून आडवळणाने येत होते. याद्यांचा हा दोष जुनाच आहे. २०१३ च्या कायद्यातल्या नातेवाइकांच्या यादीत जावई आहे, सून आहे. पण बहिणीचा नवरा नाही, आणि बायकोचा भाऊ तर नाहीच. १९५६ च्या जुन्या कायद्याच्या यादीत बहिणीचा नवरा होता, तो नव्या यादीत गळाला. आता, महाराष्ट्रात धंद्यातल्या किती गोष्टी मेव्हण्याच्या नावावर असतात, हे वाचकांना मी काय सांगावे! म्हणून मी पुढे पुढे संचालकांना यादी वाचून दाखवणे सोडले आणि एवढेच विचारू लागलो, की समोरच्याची चूक झाली तर त्याला कडक पत्र लिहायला तुमचा माणूस कचरेल का? ‘हो’ असेल तर लिहा.

आमच्या कंपनीत अखेर टीप छापली गेली. पत्नीचे नाव, नाते, वर्षाचे भाडे २ लाख ८८ हजार, अनामत सहा लाख. संचालक नाराज होते, पण त्यांनी सही केली. वार्षिक सभेला मीही गेलो. लोक भाड्यावरून आरडाओरडा करतील अशी त्यांची भीती होती. तसे काही झाले नाही. मागच्या रांगेतून एक निवृत्त शिक्षक उठले. त्यांनी टीप वाचली होती आणि पुढची दोन पानेही. ते म्हणाले, “भाडं ठीकच दिसतंय. पण हा एवढा माल खराब कसा झाला, आणि गच्चीसाठी मालकिणीशी बोलतं कोण?”

सभागृहात कोणी बोलेना. मग संचालकच उठले आणि म्हणाले, यापुढे या जागेचा पत्रव्यवहार मी पाहणार नाही, दुसरे संचालक पाहतील. पुढचा पाऊस यायच्या आत गच्ची दुरुस्त झाली आणि अनामतीतले पाच लाख परत आले. माझे ऑडिट त्याच्या पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणाकडे गेले. संचालक अजून कधीमधी टेकडी गणपतीला भेटतात. नमस्कार करतात, पण गोदामाचा विषय काढत नाहीत.